एक गोष्ट, एक मागणं, एक वाट

छोट्या संस्थेचं मदतीचं आवाहन करणारं चलच्चित्र आपण सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर पाहिलेलं असतं. सुरुवातीला बोधचिन्ह फिरत येतं, मग स्थापनेचं साल, दीपप्रज्वलन, अध्यक्षांचं मनोगत. पुढे आरोग्य शिबिर, वृक्षारोपण, शिलाई मशीन वाटप, वाचनालय असे आठ-नऊ उपक्रम बासरीच्या सुरावर सरकत जातात. शेवटच्या तीन सेकंदांत बँकेचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी कोड, क्यूआर कोड, संकेतस्थळ आणि दोन मोबाइल क्रमांक एकाच पाटीवर येतात. पाहणारा हळहळतो, अंगठ्याचा इमोजी टाकतो आणि पुढच्या संदेशाकडे जातो. संस्थेचं काम खरं असतं, पाहणाऱ्याची देण्याची तयारीही असते, पण नेमकं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ही चूक कॅमेऱ्याची नसते, संहितेची असते.

हे एका उदाहरणातून पाहू. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणारी छोटी संस्था आहे असं धरू. दिवाळीच्या आसपास नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कारखान्याच्या पट्ट्यात निघते आणि उन्हाळा लागता लागता परतते. मूल बरोबर गेलं तर त्याची शाळा ऐन मध्यात सुटते. ते गावी राहावं म्हणून ही संस्था पाच महिने तीस मुलांना सांभाळते. तिला दीड मिनिटाचं आवाहन करायचं आहे. संहिता कशी लिहायची?

पहिला निर्णय असा, की गोष्ट तीस मुलांची सांगायची नाही, एकाच घराची सांगायची. इथे कार्यकर्त्यांचा जीव अडखळतो. एकीचीच गोष्ट सांगितली तर बाकीच्या एकोणतीस जणांवर अन्याय होईल, प्रश्न किती मोठा आहे हे लोकांना कळणारच नाही, असं त्यांना वाटतं. त्यावर 2007 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बोलका आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाईन आणि पॉल स्लोविक या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी लोकांना एक छोटी प्रश्नावली भरून दिल्याबद्दल पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करण्याची संधी दिली. एका गटाला आफ्रिकेतल्या भूकबळींची आकडेवारी वाचायला दिली. दुसऱ्या गटाला माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं. आकडेवारी वाचणाऱ्यांनी सरासरी 1.14 डॉलर दिले, रोकियाबद्दल वाचणाऱ्यांनी 2.38. खरी गंमत तिसऱ्या गटात होती. त्यांना रोकियाची गोष्ट आणि आकडेवारी दोन्ही दिलं होतं. त्यांचं दान 1.43 डॉलरवर आलं. म्हणजे आकड्यांनी गोष्टीला बळ दिलं नाही, उलट तिची धार बोथट केली. प्रयोगशाळेतले पाच डॉलर आणि खऱ्या आयुष्यातली देणगी यांत अंतर आहे हे खरं, पण संहिता लिहिणाऱ्याने घ्यायचा धडा स्पष्ट आहे. ऊसतोड कामगार किती लाख, किती मुलं शाळाबाह्य, हे अहवालात लिहावं. दीड मिनिटात ते येऊ नये.

गोष्ट एकीची, पण कुणाची? मुलीची की आईची? मुलांचे निरागस चेहरे पडद्यावर चटकन काम करतात, म्हणून कॅमेरा आधी त्यांच्याकडे वळतो. तिथे थांबायला हवं. बाल न्याय कायद्याच्या (2015) कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्याला शिक्षा आहे. बालगृहातल्या मुलांबाबत म्हणून प्रश्नच उरत नाही. आपल्या वसतिगृहातली मुलं आईवडिलांची आहेत, त्यांच्याबाबत कायदा इतका सरळ लागू होईलच असं नाही. तरीही ही मुलगी उद्या कॉलेजात जाईल तेव्हा तिचा ‘बिचारी’ म्हणून फिरलेला चेहरा कुणाच्या तरी फोनमध्ये असेल, एवढा विचार पुरेसा आहे. म्हणून बोलेल ती आई. मुलीचे हात, वही, दप्तर, पाठमोरी वेणी दिसेल, चेहरा नाही.

आईची परवानगीही नुसता अंगठा घेऊन होत नाही. तिला आधी सांगावं लागतं की हे एकदा व्हॉट्सॲपवर गेलं की परत बोलावता येत नाही. कच्चं चलच्चित्र तयार झालं की तिला फोनवर दाखवावं आणि ‘हे वाक्य नको’ म्हणाली तर काढावं. आणखी एक धोका बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. बोलता बोलता ती मुकादमाबद्दल बोलते, उचल किती घेतली, किती कापली गेली हे सांगते. ऐकायला ते प्रभावी असतं. पण पुढच्या हंगामात तिला त्याच मुकादमाकडे जायचं असतं. तो भाग चांगला असला तरी कात्रीत जायला हवा.

आता तिचे शब्द. लाभार्थीची वाक्यं टेबलावर बसून लिहायची नसतात. तिच्याशी अर्धा-पाऊण तास बोलायचं, सगळं उतरवून काढायचं आणि त्यातून वाक्यं निवडायची. प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. ‘संस्थेमुळे तुम्हाला कसं वाटतं?’ असं विचारलं की ‘लई उपकार झाले’ एवढंच हाती लागतं. ‘मुलीला ठेवून निघालात त्या दिवशी काय झालं?’ असं विचारलं की प्रसंग मिळतो. आभार ऐकून पाहणाऱ्याला काम संपल्यासारखं वाटतं, प्रसंग ऐकून तो पुढे काय झालं ते पाहायला थांबतो.

दुसरा निर्णय मागण्याचा आणि तो भावनेचा नाही, वहीतल्या हिशेबाचा आहे. आपल्या संस्थेचा पाच महिन्यांचा खर्च असा मांडू. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण मिळून एका मुलामागे रोज 50 रुपये, कारण दुपारचं शाळेत होतं. तीस मुलं आणि दीडशे दिवस धरले की 2,25,000 रुपये होतात. स्वयंपाकीण ताईंचं मानधन महिना 8,000 प्रमाणे 40,000. मुलांजवळ रात्रंदिवस राहणाऱ्या मावशींचं 10,000 प्रमाणे 50,000. भाडं, गॅस, वीज, औषधं मिळून 45,000. एकूण 3,60,000 रुपये. तीस मुलांनी भागलं की मुलामागे 12,000, आणि महिन्याला 2,400.

इथे एक मोह होतो. नुसत्या जेवणाचा खर्च महिन्याला 1,500 येतो. ‘पंधराशे रुपयांत एका मुलाचं महिनाभर जेवण’ हे वाक्य कानाला गोड लागतं आणि रक्कमही कमी दिसते. पण त्या पंधराशेत मावशी नाहीत, आणि मावशींशिवाय वसतिगृह नाही. जेवणासाठी म्हणून मागितलेले पैसे मानधनाला वापरले तर देणाऱ्याशी अप्रामाणिकपणा होतो. नाही वापरले तर धान्याची कोठी भरलेली आणि मावशींचं दोन महिन्यांचं मानधन थकलेलं, अशी अवस्था येते. छोट्या संस्था बंद पडतात त्या बहुतेक इथेच. म्हणून मागायचे ते 2,400 आणि त्यात माणसांचं मानधन आहे हे उघड सांगून मागायचे.

आकडा एकच ठेवायचा, याचीही हिंमत लागते. समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, ‘ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी पाचशेही लिहू या. मोठ्या देणगीदारांसाठी संपूर्ण हंगाम. आणि वह्या, स्वेटर, स्वयंसेवक हेही घाला.’ तेवढं घातलं की पाहणाऱ्यापुढे पाच दारं उघडतात आणि तो ‘नंतर बघू’ म्हणतो. आपल्याकडे एका आकड्याची ताकद शतकापूर्वीच ओळखली गेली होती. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभारला तेव्हा प्रत्येकाकडे वर्षाला एक पैसा मागितला. लोकमान्य टिळकांनी तो उचलून धरला आणि त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. देणारा माणूस कितीही दे शकत असला, तरी मागणं एकच होतं. आपल्या हिशेबातही तेच आहे. तीस मुलं, पाच महिने, म्हणजे दीडशे ‘मूल-महिने’. दीडशे माणसांनी एकेक घेतला की हंगाम पार पडतो. कुणी पाचशे पाठवले तर ते त्याच खात्यात येतीलच, त्यासाठी पाटी वेगळी लावावी लागत नाही.

तिसरा निर्णय पैसे पोचण्याच्या वाटेचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आवाहनासाठी आज ती वाट यूपीआयची आहे. इथे एक साधी गोष्ट हमखास निसटते. शेवटी मोठा क्यूआर कोड दाखवतात, पण पाहणारा ज्या फोनवर तो कोड पाहतोय त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? स्क्रीनशॉट काढून पेमेंट ॲपमध्ये उघडता येतो, पण एवढी खटपट करणारे थोडे. सभागृहात पडद्यावर दाखवायचं असेल तर क्यूआर उत्तम. फोनवर पाठवायचं असेल तर यूपीआय आयडी मोठ्या अक्षरांत किमान दहा सेकंद दिसायला हवा आणि तोच आयडी सोबतच्या संदेशात मजकूर म्हणून हवा, म्हणजे तो दाबून धरून कॉपी करता येतो.

आयडी टाकल्यावर देणाऱ्याला खातेदाराचं नाव दिसतं. तिथे संस्थेच्या नावाऐवजी सचिवांचं खाजगी नाव आलं की माणूस थबकतो आणि ते रास्तच आहे. फसवणुकीच्या या दिवसांत तेवढ्यावर व्यवहार सोडून देणारे शहाणे म्हणायचे. तेव्हा आयडी संस्थेच्या खात्याचाच हवा. चित्रीकरणाआधी कुणाकडून तरी एक रुपया पाठवून बँकेत कोणतं नाव दिसतं ते पाहून घ्यावं. नाव अर्धवट किंवा वेगळं दिसत असेल तर सोबतच्या संदेशात लिहावं, ‘आयडी टाकल्यावर अमुक नाव दिसेल’.

या तीन निर्णयांनंतर संहिता लिहायला तास-दोन तास पुरतात. कागदाचे दोन भाग करायचे, डावीकडे काय दिसतं आणि उजवीकडे काय ऐकू येतं. सावकाश, श्वास घेत बोललेल्या मराठीला दीड मिनिटात सव्वाशे ते दीडशे शब्दच मावतात. त्याहून जास्त झाले तर आवाज धावायला लागतो. आपल्या वसतिगृहाची संहिता अशी होईल:

0 ते 8 सेकंद. दृश्य: पहाटेचा फड, ऊस तोडणारे हात. ऐकू येतं: आधी फक्त कोयत्याचा आवाज, मग आई. ‘माझी पोरगी चौथीत गेली तवा पहिल्यांदा वर्षभर एकाच शाळेत बसली.’

8 ते 35 सेकंद. दृश्य: मोळी बांधणारी आई, पाचटाची कोपी, बाहेर चूल. आई: ‘त्याच्या आधी दिवाळी झाली की आम्ही दोघं निघायचो, ती बी संगं यायची. आम्ही फडात, ती कोपीवर धाकट्याला सांभाळायची. उन्हाळ्यात गावी आलो की शाळेतलं सगळं इसरलेली. तिसरीत होती, पण अक्षर लावता येत नव्हतं.’

35 ते 60 सेकंद. दृश्य: वसतिगृहातली ताटं, ओळीने टांगलेली दप्तरं, वहीवर लिहिणारा छोटा हात. आई: ‘गेल्या साली तिला गावातच वसतिगृहात ठेवली. पहिला आठवडा मलाच कोपीत झोप नाही. मग एक दिवस तिनं फोनवर धडा वाचून दावला. अख्खा. तिचा बाप कोयता खाली ठेवून ऐकत बसला.’

60 ते 78 सेकंद. दृश्य: वसतिगृहाच्या मावशी, दारात उभ्या, थेट कॅमेऱ्याकडे पाहत. मावशी: ‘यंदा तीस मुलं आहेत. एका मुलाला इथं एक महिना सांभाळायला चोवीसशे रुपये लागतात. जेवण, स्वयंपाकीण, मी, सगळं त्यातच आलं. एका मुलाचा एक महिना तुम्ही द्या.’

78 ते 90 सेकंद. दृश्य: स्थिर पाटी, संस्थेचं नाव, ‘एक मूल, एक महिना, ₹2,400’ आणि यूपीआय आयडी. मावशींचा आवाज: ‘खाली दिलेल्या आयडीवर दिवाळीच्या आत पाठवा.’

या संहितेत संस्थेचं नाव शेवटी येतं, स्थापनेचं साल येतच नाही आणि अध्यक्ष दिसत नाहीत. पाहणारा पहिल्या काही सेकंदांतच पुढे सरकायचं की थांबायचं ते ठरवतो, म्हणून पहिलं वाक्य आईचं आहे आणि त्यात अर्धं उत्तर देऊन अर्धं लपवलेलं आहे. चौथीत गेली तेव्हाच पहिल्यांदा का, हे कळण्यासाठी माणूस थांबतो. मागणं आई करत नाही, मावशी करतात. आईने आपल्या मुलीसाठी पैसे मागायला लावणं तिला हात पसरायला लावण्यासारखं होतं. शिवाय ते खरंही नसतं, कारण पैसे त्या एका मुलीला नाही, वसतिगृहाला जातात. मावशींचं ‘एका मुलाचा एक महिना’ हे वाक्य म्हणूनच जपून बेतलेलं आहे. ते ‘या मुलीचा’ असं झालं तर दीडशे जणांना आपण एकाच मुलीचे पालक असल्यासारखं वाटेल.

चित्रीकरणात एक अडचण आधीच ओळखायला हवी. आवाहन जायला हवं दसरा-दिवाळीच्या आधी, कारण मुलं त्यानंतर दाखल होतात. पण त्या वेळी फडात तोड सुरूच झालेली नसते. तेव्हा फडातली दृश्यं आदल्या हंगामातच, डिसेंबर-जानेवारीत, घेऊन ठेवावी लागतात. चांगला फोन पुरतो. आवाजासाठी मात्र कॉलरला लावायचा साधा माइक घ्यावा, नाहीतर वाऱ्यात आईचे शब्द हरवतात. खाली मराठी अक्षरपट्टी हवीच, कारण अनेकजण बसमध्ये किंवा कचेरीत आवाज बंद ठेवून पाहतात. सिनेमातलं गाणं पार्श्वभूमीला लावू नये. त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात आणि समाजमाध्यमांवर त्यापायी अख्ख्या चित्रफितीचा आवाज बंद केला जाऊ शकतो. कोयत्याचा आवाज पुरे आहे.

कायदा आणि करसवलत दीड मिनिटात कोंबू नयेत, ती सोबतच्या चार ओळींच्या संदेशात येतात. संस्थेकडे 80जी नोंदणी असेल तर ते लिहावं, आणि पावतीसाठी नाव, पत्ता व पॅन ज्या एका क्रमांकावर पाठवायचा तो द्यावा, कारण यूपीआयच्या नोंदीत ही माहिती येत नाही. ही सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते, हेही माहीत असावं. दुसरी ओळ परदेशाची. मराठी आवाहन फिरत फिरत अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या महाराष्ट्र मंडळांच्या गटांत पोचतंच. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या बचतीतून दिलेली देणगी विदेशी अंशदान धरली जात नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेला मराठी माणूस कायद्याच्या नजरेत विदेशी देणगीदार ठरतो. एफसीआरए नोंदणी नसेल तर त्याच्याकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून ‘फक्त भारतीय नागरिकांकडून’ असं स्पष्ट लिहावं. तिसरी ओळ उरलेल्या पैशांची. दीडशेऐवजी एकशे ऐंशी जणांनी पैसे पाठवले तर जादा रक्कम पुढच्या हंगामाला वापरली जाईल, हे आधीच सांगितलेलं बरं. नंतर सांगितलं की ते कारण दिल्यासारखं वाटतं.

संहिता जमली की नाही हे ओळखण्याची एक खात्रीची रीत आहे. संस्थेशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना चित्रफीत एकदाच दाखवावी, फोन बाजूला ठेवायला सांगावं आणि तीन प्रश्न विचारावेत. गोष्ट कुणाची होती? किती रुपये मागितले? ते कुठे पाठवायचे? ‘खूप छान काम आहे’ हे उत्तर आलं तर ते नापास समजावं. सगळ्यांनी ‘ऊस तोडणाऱ्या बाईची, चोवीसशे, यूपीआयवर’ असं सांगितलं तरच पाठवा. एकाचाही आकडा चुकला तर पाटीवरून आणखी काय काढता येईल ते पाहा. तिथे बहुधा एखादं बोधचिन्ह किंवा पाहुण्यांचं नाव शिल्लक असतं.

आणि ज्यांनी पैसे दिले त्यांना हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये, हिशेबाचा एक छोटा संदेश जायला हवा. किती मूल-महिने मागितले, किती मिळाले, किती मुलं पाच महिने पूर्ण राहिली आणि किती मध्येच आईबापांकडे गेली, हे सगळं त्यात असावं. गेलेल्यांचा आकडा लपवू नये. हा संदेश पाठवायची तयारी नसेल, तर पुढच्या दिवाळीला नवं चलच्चित्र करण्याच्या भानगडीत पडू नये.